सोयाबीन, तूर, हरभरा: तीन पट्ट्यांवर बारा महिने कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आमची सहा एकर शेती आहे. खरिपात पाच एकर सोयाबीन, त्यात तुरीचं आंतरपीक. उरलेल्या एकरात कडबा आणि घरापुरती ज्वारी. विहिरीच्या पाण्यावर तीन एकर हरभरा. घरची वही अकरा वर्षांपासून मी लिहिते. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की बायका हेच प्रश्न काढून बसतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. खालचे आकडे आमच्या भागातल्या मध्यम वर्षाचे आहेत. तुमची शेती वेगळी असेल तर आकडे बदला, मांडणी तीच ठेवा.

## वर्षाचं बजेट कधीपासून धरायचं? जानेवारी की एप्रिल?

दोन्ही नाही. सोयाबीनची पट्टी हातात पडते त्या दिवसापासून धरा. आमच्याकडे तो दिवस ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्यानंतर जानेवारी अखेर तुरीचा पैसा येतो आणि मार्चच्या मध्याला हरभऱ्याचा.

आता कॅलेंडर समोर ठेवून दोन पट्ट्यांमधले महिने मोजा. सोयाबीन ते तूर तीन महिने, तूर ते हरभरा दीड महिना. हरभरा ते पुढचं सोयाबीन मात्र साडेसात महिने. याच साडेसात महिन्यांत मृगाची पेरणी येते, पोरांच्या शाळा-कॉलेजच्या फिया येतात, फवारण्या येतात आणि पोळाही येतो. वर्षातला सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात लांब कोरडा काळ एकाच ठिकाणी आहेत. तंगी श्रावणात जाणवते, पण ती झालेली असते दिवाळीत आणि लग्नसराईत. म्हणून बजेट करायचं ते या साडेसात महिन्यांसाठी. बाकीचे महिने आपोआप निघतात.

## पुढच्या वर्षी किती पैसे येतील हे आधी कसं सांगणार? ना पावसाचा भरवसा, ना भावाचा.

नेमकं सांगता येत नाही. म्हणूनच चांगलं वर्ष धरून चालायचं नाही. मागच्या तीन-चार वर्षांच्या हिशोबपट्ट्या काढा. नसतील तर आडत दुकानात जुनी नोंद मिळते. प्रत्येक वर्षी एकूण किती क्विंटल झालं ते एका ओळीत लिहा. सगळ्यात चांगलं वर्ष खोडून टाका आणि उरलेल्यांची सरासरी धरा. आमच्या रानात सोयाबीनला एकरी दहा क्विंटलचा उताराही आलेला आहे, पण वहीत मी सातच धरते.

भावाच्या बाबतीत एक चूक सगळीकडे दिसते, ती म्हणजे हमीभाव धरून हिशोब करणं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण काढणीच्या दिवसांत खुल्या बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. हमीभाव केंद्रावर माल द्यायचा तर आधी नोंदणी, मग नंबर यायची वाट, मग ओलावा १२ टक्क्यांच्या आत, आणि पैसे खात्यावर यायला आणखी काही दिवस. मजुरांचे पैसे थकलेले असताना इतकं थांबणं प्रत्येकाला जमत नाही. केंद्रावर माल गेला तर चांगलंच, वरचा पैसा जादा म्हणून लिहा. बजेटात मात्र काढणीच्या आठवड्यात आपल्या बाजारात मिळतो तोच भाव धरा. मी ४,२०० धरते.

तिसरी गोष्ट, पट्टीवरचा आकडा आणि घरात आलेला आकडा एक नसतो. ३५ क्विंटल सोयाबीन ४,२०० ने गेलं की पट्टीवर १,४७,००० दिसतात. त्यातून काढणीची उक्ती, मळणी, टेम्पोभाडं, हमाली, तोलाई असे आमचे साधारण ३५,००० जातात. काढणीची टोळी पट्टीची वाट बघत नाही, तिला रोख लागतात. म्हणून आम्ही मळणी झाल्या झाल्या आठ-दहा क्विंटल विकतो आणि मजुरी भागवतो. वहीत मी फक्त घरात आलेले १,१२,००० लिहिते. तुरीचे असेच निव्वळ ३५,००० आणि हरभऱ्याचे ८०,०००.

## एका घराचा पूर्ण हिशोब मांडून दाखवाल का?

आमचाच दाखवते. घरात आम्ही पाच माणसं: सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. ज्वारी, तूरडाळ, हरभराडाळ घरची, दूध घरच्या म्हशीचं. बाकी किराणा, गॅस, वीजबिल, मोबाइल, गाडीचं पेट्रोल, सासूबाईंच्या गोळ्या आणि भाजीपाला मिळून महिन्याला ८,००० लागतात. खरिपाची पेरणी ते फवारणी एकरी ११,००० म्हणजे पाच एकरांचे ५५,०००. हरभऱ्याच्या पेरणीला १८,०००. दिवाळीचे १२,०००. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे २६,०००. दवाखान्यासाठी वर्षाला १५,००० बाजूला.

| कधी | काय | रक्कम | शिल्लक |
|---|---|---|---|
| नोव्हेंबर | सोयाबीन | +१,१२,००० | १,१२,००० |
| नोव्हेंबर | हरभऱ्याची पेरणी | −१८,००० | ९४,००० |
| नोव्हेंबर | दिवाळी | −१२,००० | ८२,००० |
| नोव्हेंबर ते मार्च | घरखर्च, ५ महिने | −४०,००० | ४२,००० |
| जानेवारी अखेर | तूर | +३५,००० | ७७,००० |
| जानेवारी अखेर | दवाखान्यासाठी बाजूला | −१५,००० | ६२,००० |
| मार्च | हरभरा | +८०,००० | १,४२,००० |
| मे-जूनपासून | खरीप | −५५,००० | ८७,००० |
| जून | शाळा-कॉलेज | −२६,००० | ६१,००० |
| एप्रिल ते ऑक्टोबर | घरखर्च, ७ महिने | −५६,००० | ५,००० |

पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० मी या तक्त्यात धरलेले नाहीत. हे हप्ते कधी मागेपुढे होतात, कधी केवायसीसाठी अडकतात. आले की ते आहेराला, पाहुण्यारावळ्याला आणि म्हशीच्या पेंडीला जातात.

हा तक्ता दोनदा वाचा. मार्चमध्ये हरभऱ्याचे ८०,००० आले आणि पुढच्या सात महिन्यांचा खर्च १,३७,००० आहे. म्हणजे हरभऱ्याच्या पैशावर खरीप उभाच राहत नाही. ५७,००० रुपये सोयाबीन आणि तुरीतून मागे राहिलेले असले तरच जूनमध्ये बी घेता येतं. दिवाळीला घरात लाखाच्या वर रक्कम दिसते तेव्हा तिच्यातला मोठा भाग पुढच्या जूनचा असतो. आणि ३१ मार्चला, दवाखान्याचे धरून, आमच्या खात्यावर १,५७,००० दिसायला हवेत. वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक तीच. नेमकी त्याच वेळी लग्नसराई सुरू होते, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटतं की यंदा आपल्याकडे पैसा आहे.

आम्हीही यात सापडलो होतो. एका वर्षी तुरीला चांगला भाव मिळाला, म्हणून मार्चमध्ये जुनी गाडी देऊन नवी मोटारसायकल घेतली. पैसे रोख भरले, कर्ज काढलं नाही याचा आनंदच होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला, रान वापशावर आलं आणि आम्ही कृषी सेवा केंद्राच्या काउंटरसमोर उभे. बियाण्याच्या पाच बॅगा, डीएपी, तणनाशक. दुकानदाराने वही उघडली आणि आमचं नाव नवीन पानावर लिहिलं. त्या पानाचं व्याज पुढच्या दिवाळीपर्यंत चालू राहिलं. गाडी लागत होती हे खरंच आहे, पण ती पेरणीच्या पैशातून आली होती.

## पट्टीचे पैसे आले की पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

त्याच आठवड्यात वाटणी करा. पैसा एकाच खात्यावर पडून राहिला की सगळा खर्चायचाच वाटतो. आमची दोन खाती आहेत. एक पट्टीचं खातं, ज्यात आडत्याकडून पैसे येतात. त्याचं एटीएम कार्ड आम्ही घेतलेलंच नाही. दुसरं माझ्या नावावरचं घरखर्चाचं. दर महिन्याच्या १ तारखेला पहिल्या खात्यातून दुसऱ्यात ८,००० आपोआप वळते करायची सूचना बँकेत एकदा लिहून दिली आहे. खाती एकाच बँकेत असतील तर हे काम सोपं होतं.

मोठ्या, तारीख ठरलेल्या खर्चांसाठी मुदत ठेव करा. जानेवारीत तुरीचे पैसे आले की खरिपाच्या रकमेतला निम्मा भाग आणि मार्चमध्ये हरभऱ्यातून उरलेला निम्मा, दोन्हींची मुदत २५ मेच्या आसपास संपेल अशी. शाळेच्या पैशांची ५ जूनची. चार महिन्यांचं व्याज फारसं नसतं, त्यासाठी करूही नका. ठेव मोडायची तर शाखेत जावं लागतं, सही करावी लागते, व्याज थोडं कापलं जातं. एवढ्या अडथळ्यानेच निम्मे अनावश्यक खर्च टळतात. खरी गरज आली तर पैसा अडकूनही पडत नाही. सगळ्या रकमेची एकच ठेव मात्र करू नका. दहा हजारांच्या गरजेला साठ हजारांची ठेव मोडावी लागते.

एक सावधगिरी. त्याच बँकेत जुनं कर्ज थकीत असेल तर खात्यावर होल्ड लागू शकतो. पट्टी जमा व्हायच्या आधी शाखेत जाऊन विचारून घ्या.

## महिन्याचा खर्च किती धरायचा? आमचा तर कधीच सारखा नसतो.

तीन महिने फक्त लिहून काढा, कमी करायला जाऊ नका. त्यातले दोन महिने आगोट-श्रावणातले आणि एक दिवाळीनंतरचा असेल तर उत्तम. फरक लगेच दिसतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत नोव्हेंबरचा घरखर्च १४,००० होता आणि ऑगस्टचा ५,०००. माणसं तीच, चूलही तीच. ऑगस्टमध्ये आम्ही सासूबाईंच्या गोळ्या अर्ध्याच आणत होतो. म्हणून मी दोन्हींच्या मधला, पोट आणि औषध दोन्ही नीट भागतील असा आकडा ठरवला आणि तो बारा महिने सारखा ठेवला. पट्टी आली म्हणून नोव्हेंबरला वाढवायचा नाही आणि पैसे संपले म्हणून ऑगस्टला कापायचा नाही.

आमच्या सासूबाई याला 'घराचा पगार' म्हणतात. पगार कोणाच्या हातात द्यायचा यावरून पहिले दोन महिने आमच्यात कुरबूर झाली. शेवटी ठरलं की घरखर्चाचे पैसे माझ्याकडे, शेतीचे यांच्याकडे, आणि एकाने दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा असेल तर वहीत उसने म्हणून लिहायचं. लिहिलेलं उसनं सहसा परत येतं.

## आम्ही पीककर्ज घेतो. मग पेरणीचे पैसे वेगळे कशाला ठेवायचे?

कारण तेच पैसे मार्चमध्ये परतफेडीला लागतात. समजा जूनमध्ये सोसायटीकडून ६०,००० उचलले आणि खरीप त्यावर केला. आमच्या सोसायटीत ते ३१ मार्चपर्यंत भरायचे असतात. तुमची तारीख सचिवाला विचारून भिंतीवर लिहून ठेवा. म्हणजे वरच्या तक्त्यातले ५५,००० जूनऐवजी मार्चमध्येच जातात, एवढाच फरक. पुन्हा कर्ज मिळालं की जूनची पेरणी त्यावर होते. बाजूला ठेवायची रक्कम दोन्हीकडे तीच.

तरीही पीककर्ज घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण यापेक्षा स्वस्त पैसा शेतकऱ्याला दुसरीकडे मिळत नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा व्याजदर ७ टक्के असतो. वेळेत भरलं की केंद्राकडून ३ टक्क्यांची सूट मिळते आणि उरलेल्या व्याजावर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून सवलत मिळते. मुदतीत भरणाऱ्याला व्याज शून्यावर येतं. मुदत एका दिवसाने हुकली तरी या सवलती जातात. ६०,००० वर वर्षाचं ७ टक्क्यांनी व्याज ४,२०० होतं, म्हणजे आमच्या भावाने एक क्विंटल सोयाबीन.

मुदत गाठायला बरेच जण 'नवं-जुनं' करतात. मार्च अखेरीला कोणाकडून तरी आठ दिवसांसाठी ६०,००० घ्यायचे, कर्ज भरायचं, नवीन कर्ज मिळालं की त्याचे परत करायचे. देणारा आठ दिवसांसाठी दिले तरी पूर्ण महिन्याचं व्याज घेतो. शेकडा तीनने ते १,८०० होतात. ४,२०० वाचवायला १,८०० घालवले म्हणून हे फायद्याचं वाटतं. पण नवीन कर्ज मिळालं त्याच दिवशी संपलेलं असतं आणि जूनमध्ये पेरणीला काहीच उरत नाही. शिवाय नवीन मंजुरी पंधरा दिवस लांबली तर देणाऱ्याचं व्याज दुसऱ्या महिन्यात शिरतं. नवं-जुनं करायची वेळ आली तर समजा की नोव्हेंबर-जानेवारीत कुठेतरी पेरणीचा पैसा खर्च झाला आहे. तक्ता काढून तो कुठे गेला ते शोधा.

## कृषी सेवा केंद्राची उधारी दिवाळीला फेडतो. त्यात वाईट काय?

वाईट काही नाही, फक्त ती किती महाग पडते ते माहीत असावं. ४०,००० चा माल जूनमध्ये उधार घेतला असं धरा. उधारीचा भाव रोख भावापेक्षा थोडा जास्त असतो. सगळ्या मालावर मिळून २,००० जास्त लागले समजा. वर शेकडा दोन रुपये व्याज, म्हणजे महिन्याला ८००, पाच महिन्यांचे ४,०००. एकूण ६,००० झाले. पाच महिन्यांत १५ टक्के, वर्षाच्या हिशोबाने ३६ टक्के. जवळजवळ दीड क्विंटल सोयाबीन फक्त उधारीपायी गेलं.

'शेकडा दोन' ऐकायला हलकं वाटतं कारण ते महिन्याचं असतं. बाराने गुणा, वर्षाचे २४ टक्के होतात. शेजारी पीककर्जाचे ७ ठेवून बघा.

यापेक्षाही जड पडते ती आडत्याची उचल. आडत्याने पोळ्याला पैसे दिले की माल त्याच्याच दुकानात घालावा लागतो, तोही काढणी झाल्या झाल्या, जेव्हा आवक सगळ्यात जास्त असते. क्विंटलमागे शंभर रुपये कमी मिळाले तर ३५ क्विंटलवर ३,५०० गेले, आणि ते व्याज म्हणून कुठे लिहिलेलेही नसतात. उधारी एका झटक्यात बंद होत नाही. पहिल्या वर्षी निदान बियाणं आणि खत रोख घ्या आणि फवारणीची औषधं उधार राहू द्या. दुसऱ्या वर्षी तीही रोख.

## भाव पडलेला असेल तर माल घरात ठेवावा का?

घरखर्च आणि हरभऱ्याची पेरणी भागेल एवढा विकून उरलेला ठेवता येत असेल तरच. उसने पैसे काढून माल साठवण्यात अर्थ नाही.

मधला मार्ग म्हणजे शेतमाल तारण कर्ज. कृषी पणन मंडळाची ही योजना ज्या बाजार समित्या राबवतात तिथे सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आमच्याच आकड्यांवर बघू. २० क्विंटल ठेवलं, किंमत ८४,०००, उचल ६३,०००. सहा महिन्यांचं व्याज १,८९०, म्हणजे क्विंटलमागे ९५ रुपये. दोनदा भरणं-उतरवणं आणि नेणं-आणणं मिळून ४० धरा. सोयाबीन वाळून वजनात दोन टक्के घटलं तर ८४. बेरीज साधारण २२० रुपये. म्हणजे ४,२०० चा भाव ४,४२० च्या वर गेला तरच थांबल्याचा फायदा सुरू होतो. हा आकडा पाटीवर लिहून ठेवा, कारण भाव ४,३५० झाला की सगळे म्हणू लागतात, 'थांबलो ते बरं झालं.'

आणि शेवटची तारीख आधीच ठरवा. आम्ही फेब्रुवारीच्या पुढे सोयाबीन ठेवत नाही, भाव काहीही असो. मार्चमध्ये कर्जाची मुदत येते आणि गरजेपोटी विकणाऱ्याला भाव ठरवता येत नाही.

## पाऊस उघडला आणि उतारा निम्माच आला तर?

हा प्रश्न सप्टेंबरमध्येच विचारायचा, पट्टीनंतर नाही. शेंगा भरायच्या वेळी वीस-पंचवीस दिवस पाऊस नसेल, किंवा काढणीला आलेलं पीक पाण्यात उभं असेल, तर त्याच दिवशी वही उघडा. आमचं सोयाबीन ३५ ऐवजी १८ क्विंटल झालं तर घरात १,१२,००० ऐवजी ५५,००० च्या आसपास येतात, कारण कापणीची उक्ती एकरावर असते, ती उताऱ्याबरोबर निम्मी होत नाही. म्हणजे ५७,००० ची तूट.

कापायचा क्रम आमच्या घरात ठरलेला आहे. आधी दिवाळी, बारावरून चारवर. हरभऱ्याची पेरणी कापायची नाही, विहिरीत पाणी असेल तर उलट अर्धा एकर वाढवायचा, कारण मार्चचा पैसा तिथूनच येणार. खरिपाच्या ५५,००० साठी त्या वर्षी पीककर्जावर अवलंबून राहायचं. घरखर्च आठवरून सातवर आणायचा, त्याखाली नाही. दवाखान्याच्या १५,००० ला हात लावायचा नाही. आणि सोसायटीचं कर्ज भरता येणार नाही असं दिसलं तर फेब्रुवारीतच शाखेत जाऊन सांगायचं. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात कर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

पीकविमा जरूर काढा. खरिपाच्या सोयाबीन-तुरीला शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के असतो. त्याची भरपाई मात्र बजेटात शून्य धरा. ती मिळेल की नाही, कधी आणि किती, हे आपल्या पेरणीच्या तारखेवर ठरत नसतं. आली की आधी थकलेली देणी.

## लग्न किंवा ट्रॅक्टरसारखा मोठा खर्च यात कसा बसवायचा?

एका वर्षाच्या पट्ट्यांतून बसवायचा नाही. आमच्या तक्त्यात वर्षाअखेर ५,००० उरतात, योजनांचे पैसे खर्च न होता राहिले तर १७,०००. हेच आमचं खरं बचतीचं बळ आहे. चांगल्या वर्षी, समजा उतारा नऊ क्विंटल लागला, तर दहा क्विंटल जास्त येतात आणि मजुरी वजा जाऊन ३५-४० हजार जादा राहतात. मोठा खर्च या जादा पैशातूनच करायचा असं आम्ही ठरवलं आहे. तो वेगळ्या ठेवीत जातो, त्यावर लेकीच्या शिक्षणाचं नाव लिहिलेलं आहे.

ट्रॅक्टरबद्दल एवढंच सांगते. कर्जाचा सहामाही हप्ता आपल्या कोणत्या पट्टीतून जाणार हे सांगता येत नसेल तर भाड्याने नांगरून घ्या. पाच-सहा एकरांवर तो परवडत नाही, दुसऱ्यांची कामं नक्की मिळणार असतील तर वेगळी गोष्ट.

## ऊस असेल तर?

मांडणी तीच, पण कोरडा काळ आणखी लांब, कारण लागणीचा ऊस वर्ष-दीड वर्षाने तुटतो. कायद्याने एफआरपी तोडणीनंतर १४ दिवसांत मिळायला हवी, पण अनेक कारखाने हप्त्यांनी देतात. म्हणून पहिला हप्ता खात्यावर दिसला तेवढाच पैसा धरा. नंतर येणारे हप्ते योजनांच्या पैशासारखे, आले तर जादा.

## वही नेमकी कशी लिहायची? रोज लिहायला वेळ नसतो.

रोज लिहू नका. आठवडी बाजार करून आलं की पिशवी रिकामी करता करता लिहा, दहा मिनिटं पुरतात. शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर शेती, उजव्या पानावर घर. दोन्ही एकत्र लिहिलं की युरियाच्या गोणीत किराणा मिसळतो आणि सोयाबीन परवडलं की नाही ते कधीच कळत नाही. हिशोबपट्ट्या आणि खताची बिलं वहीच्या शेवटच्या पानाला टाचणीने लावून ठेवा, पुढच्या वर्षी सरासरी काढायला तीच लागतात.

पहिल्या पानावर मी तीन तारखा आणि तीन आकडे लिहिते. ३१ जानेवारीला, तूर आल्यावर, खात्यांवर आणि ठेवींत मिळून ९३,००० हवेत. ३१ मार्चला १,५७,०००. ३० जूनला, पेरणीचे पैसे आणि फी दिल्यावर, दवाखान्याचे धरून ५२,०००. त्या दिवशी पासबुक भरून आणते आणि आकडा शेजारी लिहिते. जानेवारीत दहा हजार कमी दिसले तर हरभरा निघायला अजून दीड महिना असतो, काहीतरी करता येतं. जूनमध्ये पहिल्यांदा कळलं तर फक्त दुकानदाराची वही उरते.

पहिल्यांदाच सुरू करत असाल तर येत्या सोयाबीनच्या पट्टीची वाट बघू नका. आज खात्यावर किती आहेत ते लिहा, पुढच्या पट्टीला किती महिने उरले ते मोजा, त्या महिन्यांतली पेरणी आणि फी आधी वजा करा, आणि उरलेल्याला महिन्यांनी भागा. येणारा आकडा तुमच्या सध्याच्या खर्चापेक्षा कमी असेल, बहुधा असतोच. तर त्याच रात्री दोघांनी बसून ठरवा की या वेळी उधारी कशाची घ्यायची आणि कशाची नाही.